सात नंबरचं बिऱ्हाड

इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की ग्रुपवर स्वागताचा मेसेज जातो. त्याला निरोप म्हणणं मराठीत जरा अडचणीचं आहे, कारण हा शब्द दोन तोंडांचा आहे. निरोप धाडतात तसाच निरोप घेतातही, आणि आल्या दिवशीच कुणाला निरोप दिला असं म्हणणं बरं दिसत नाही. त्यामुळे मेसेज हाच शब्द रूढ झाला आहे. चार-पाच ओळींचा हा मजकूर टेम्पो रिकामा होऊन गेल्यावर कुणीतरी जिन्यात उभं राहून अंगठ्याने टाईप करतं. लिहायला दोन मिनिटं पुरतात. पण नव्या माणसांच्या नावाभोवती इमारतीने वापरलेले ते पहिले शब्द असतात, आणि ते एकदम सगळ्यांसमोर वापरलेले असतात.

मराठवाड्यातल्या गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात सोसायटी म्हणजे तळाला पार्किंग, वर तीन मजले आणि दहा-बारा फ्लॅट. बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते. कायद्याने सोसायटी म्हणजे १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था. अपार्टमेंटसाठी १९७०चा वेगळा कायदा आहे. बोलताना मात्र हा फरक कुणी पाळत नाही. मेंटेनन्सची एक वही असली, ती सांभाळणारा एक माणूस असला आणि पाण्याच्या टाकीवरून वर्षातून दोनदा वाद झाला, तर ती सोसायटी. तिचा कारभार आता वहीपेक्षा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच जास्त चालतो.

या इमारतींत माणसं सतत बदलत असतात. तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा, एसटी आणि सरकारी दवाखान्यातल्या बदल्यांमुळे मे-जूनमध्ये टेम्पो येतात आणि जातात. दुसरा ओढा वाळूजचा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५मध्ये तिथे सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले आणि सगळ्या मराठवाड्यातून माणसं या पट्ट्यात उतरली. वाळूज गंगापूर तालुक्यातच मोडतं. तिथल्या गर्दीपेक्षा तालुक्याचं गाव बरं, असं ठरवणारी काही कुटुंबं असतात. नातेवाइकांना नवा पत्ता सांगताना त्यांची थोडी पंचाईत होते. गंगापूर म्हटलं की कुणाला नाशिकचं धरण आठवतं, तर कुणी दत्ताचं गाणगापूर समजून हात जोडतं.

फोन नव्हते तेव्हाही स्वागत होत होतंच, फक्त ते लिहिलेलं नसे. वाड्यात नवं बिऱ्हाड आलं की शेजारची बाई दारात येई आणि पाण्याचा हंडा भरलाय का, असं विचारी. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे एका घरून चहा येई आणि दुसऱ्या घरून पिठलं-भाकरी. भाकरीबरोबर प्रश्नही येत. कुठले तुम्ही? आडनाव काय? मुलं किती? भाड्याने की विकत? आडनाव विचारण्यामागे आणखी एक न विचारलेला प्रश्न असे, हे विचारणाऱ्यालाही माहीत असे आणि उत्तर देणाऱ्यालाही. त्या चौकश्या काही कमी खोचक नव्हत्या. पण विचारणारी बाई समोर उभी असायची. उत्तर देणारी जरा गप्प राहिली, पदर सावरून आत वळली, की विचारणारीला थांबायची जागा कळायची. शिवाय बोलणं दोघींतच राहायचं, फार तर विहिरीपर्यंत जायचं.

ग्रुपवर ती थांबायची जागा दिसत नाही. प्रश्न एका माणसाचा असतो, पण वाचणारी तीस माणसं असतात आणि नवं कुटुंब त्यांतल्या एकालाही चेहऱ्याने ओळखत नसतं. उत्तर दिलं तर ते तीस फोनांत उमटतं. नाही दिलं तर तेही तीस जणांना कळतं. स्वागताच्या मेसेजचं खरं काम या अडचणीतून वाट काढण्याचं आहे.

त्याची सुरुवात टाईप करण्याच्या आधी होते. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं, की त्याचा नंबर तिथल्या प्रत्येकाला दिसू लागतो. म्हणून ‘ग्रुपमध्ये घेऊ का?’ हे दारात किंवा फोनवर विचारायचं असतं. अनेक ॲडमिन हे विचारत नाहीत. घरमालकाकडून किंवा एजंटकडून नंबर मिळतो आणि टेम्पो गेटमधून आत येण्याआधी माणूस ग्रुपमध्ये आलेला असतो. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे ज्याचं त्याला ठरवता येईल, अशी सोय व्हॉट्सॲपने २०१९मध्ये आणली. ज्याने ती लावलेली असते, त्याला अनोळखी ॲडमिन परस्पर घेऊ शकत नाही. त्याच्याकडे फक्त आमंत्रण जातं आणि तीन दिवसांत स्वीकारलं नाही तर ते आपोआप संपतं. सामान लावण्याच्या गडबडीत तीन दिवस कधी गेले ते कळत नाही. इकडे ‘बोलवूनही आले नाहीत’ ही कुजबूज सुरू झालेली असते.

कोणाचा नंबर घ्यायचा हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. सवयीने पुरुषाचा घेतला जातो. तो वाळूजला पहिल्या पाळीत असतो. काही कारखान्यांत मशीनपाशी मोबाईल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ‘नळ आलेत, मोटर लावतोय, भरून घ्या’ हा सकाळचा मेसेज मग लॉकरमध्ये वाजतो आणि घरातली बाई कोरड्या बादलीशेजारी बसून राहते. संध्याकाळी तो घरी येऊन फोन दाखवतो, तोवर टाकी रिकामी झालेली असते. म्हणून एका फ्लॅटचे दोन नंबर घ्यावेत, आणि एकच घ्यायचा असेल तर दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा घ्यावा. तो नंबर बाईचा असेल, तर तीस जणांकडे तो जाणं तिला चालेल का, हे तिलाच विचारायला हवं. नवऱ्याचं ‘हो’ त्यासाठी पुरत नाही.

मग मजकूर. बारा फ्लॅटच्या एका इमारतीचं उदाहरण घेऊ. सात नंबरमध्ये आई, दोन मुलं आणि आजी असं बिऱ्हाड आलं आहे. वडील यांच्यासोबत नाहीत. का नाहीत ते कुणाला माहीत नाही, आणि ते माहीत असण्याची कुणाला गरजही नाही. हाताला सवय असलेला मेसेज साधारण असा उतरतो:

‘हार्दिक स्वागत! आमच्या सोसायटीत फ्लॅट नं. ७ मध्ये नव्याने राहावयास आलेले श्री. व सौ. शेलके यांचे सर्व सभासदांतर्फे सहर्ष स्वागत. मॅडम बँकेत आहेत, बदली होऊन आल्या आहेत. मूळ गाव बीडकडचे. मुलगी आठवीला, मुलगा पाचवीला. तरी सर्वांनी परिचय करून घ्यावा. मेंटेनन्स दरमहा ५ तारखेच्या आत जमा करणे. पेढे कधी देताय?’

लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नाही. उलट त्याने उत्साहाने सगळं गोळा करून लिहिलं आहे आणि घोटाळा त्या उत्साहातूनच झाला आहे. पहिली ठेच ‘श्री. व सौ.’वर लागते. सौ. म्हणजे सौभाग्यवती, नवरा हयात असलेली. हे अक्षर सवयीने लिहिलं जातं, पण वाचणारीच्या बाबतीत ते खरं नसेल तर पहिल्याच दिवशी तिला तीस जणांसमोर एक तर दुरुस्ती करावी लागते किंवा गप्प बसावं लागतं. श्रीमती लिहूनही सुटका होत नाही. सरकारी कागदात तो शब्द कुठल्याही बाईला चालतो, पण गावात तो विधवेचा म्हणून वाचला जातो. वहिनी म्हणावं तर त्यात कुणातरी भावाची बायको गृहीत धरलेली असते. यावर उपाय सोपा आहे. कुटुंबाचं आडनाव आणि पुढे ‘कुटुंब’ किंवा ‘मंडळी’. कुटुंब या शब्दाचीही गंमत आहेच. जुन्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. पण तो अर्थ आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरताच उरला आहे. मंडळी तर सगळ्यांनाच पोटात घेते, मग घरात दोघं असोत की सात.

दुसरी ठेच आडनावाची. शेळके यांचं शेलके झालं आहे. फोनच्या कळफलकावर ‘ळ’ हाताशी नसला की ‘ल’ घुसतो. बोटाची चूक आहे, पण नव्या माणसाला वाटतं की आपलं नावसुद्धा यांनी धड ऐकलं नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. ही सोय २०२३मध्ये आली. पंधरा मिनिटांनंतर एक तर तो सगळ्यांसाठी पुसून टाकावा लागतो, आणि मग जागेवर ‘मेसेज डिलीट केला’ अशी खूण राहते, किंवा खाली माफी मागावी लागते. म्हणून पाठवण्याआधी आडनाव त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावं, शक्य तर दारावरच्या पाटीवर वाचावं. पाटी अजून लागलेली नसेल तर थांबावं.

नोकरी, मूळ गाव आणि मुलांच्या इयत्ता ही माहिती त्या कुटुंबाची आहे. कुणाला किती सांगायची ते त्यांनी ठरवायचं. बँकेत असल्याचं कळलं की दुसऱ्याच दिवशी कर्जाची फाईल घेऊन कुणीतरी दारात उभं राहतं. शिक्षक म्हटलं की शिकवणीची विचारणा येते, दवाखान्यात म्हटलं की रात्री बेल वाजते. मूळ गाव विचारलं की बोलणं हळूहळू आडनावाकडे आणि तिथून जिथे जायला नको तिथे सरकतं. मुलीची इयत्ता आणि तिची शाळा सुटण्याची वेळ ही तर तीस फोनांत ठेवण्याची गोष्टच नव्हे. मुलांचा फोटो, दाराचा फोटो, गाडीचा नंबर यांनाही तोच न्याय. परिचय करून घ्यायचा तो जिन्यात, गच्चीवर पापड वाळत घालताना, गेटवर दूधवाल्याची वाट पाहताना होतो. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

मेंटेनन्सची ओळ स्वागतात आली की मेसेजची नोटीस होते. ५ तारीख ही खरी माहिती आहे, पण ती दुसऱ्या दिवशी, त्यांच्या एकट्यांच्या फोनवर सांगण्याची. भाडेकरू असतील तर मेंटेनन्स ते भरणार की घरमालक, हे त्या दोघांत ठरलेलं असतं आणि ग्रुपला त्यातलं काही माहीत नसतं. ‘पेढे कधी’ ही शेवटची ओळ लाडाची आहे. घर विकत घेतलेल्या कुटुंबाला ती गोडही वाटेल. बदली होऊन आलेल्या, मुलांना जुन्या शाळेतून उचलून आणलेल्या घराला हे पेढे कसले, हेच कळत नाही. वास्तुशांत कधी, तोंड गोड कधी करताय, जेवण कधी घालताय, हे सगळे प्रश्न त्याच जातीचे. विचारणारा विसरून जातो, आणि ज्याला विचारलं त्याच्या मनात देणं उरतं.

नमस्काराचं काय, हाही एक बारीक मुद्दा आहे. गंगापुरात रस्त्यावर राम राम ऐकू येतो, जय भीम ऐकू येतं, सलाम ऐकू येतो आणि रामकृष्णहरी म्हणत गळ्यातल्या माळेकडे हात नेणारेही भेटतात. त्यातला प्रत्येक शब्द आपल्या माणसांत घरचा आहे. पण अजून ओळख नसलेल्या कुटुंबासाठी नुसता ‘नमस्कार’ बरा. तो कुणाचा झेंडा हातात घेत नाही. घरात दखनी किंवा हिंदी बोलली जात असेल, मराठी वाचायची सवय नसेल, तर तोच मजकूर हिंदीत आणखी दोन ओळींत लिहायला काही जात नाही. आवाजाचा मेसेज मात्र टाळलेला बरा. तो ऐकायला फोन कानाला लावावा लागतो किंवा मोठ्याने वाजवावा लागतो, आणि नव्या घरात अजून पडदेही लागलेले नसतात.

आता त्या पहिल्या मेसेजमधला ‘आमच्या’ हा शब्द. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. ‘आम्ही चहा घेतो’ म्हटलं तर समोरच्याने बसून पाहायचं. ‘आपण चहा घेऊ’ म्हटलं तर त्याच्यापुढेही कप येणार. हिंदीतला ‘हम’ आणि इंग्रजीतला ‘वी’ हा फरक करत नाहीत. गुजरातीत तो आहे, आणि तेलुगू, तमिळ अशा द्राविडी भाषांतही आहे. दक्षिणेच्या शेजारामुळे तो मराठीत मुरला असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे शेजाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे सांगणारा शब्दच मराठीला शेजारातून मिळाला असावा.

‘आमच्या सोसायटीत स्वागत’ असं लिहिलं की सोसायटी आमची राहते आणि तुम्ही दारात. पाहुण्याला ते ठीक, कारण पाहुणा परत जाणार असतो. सात नंबरचं बिऱ्हाड परत जायला आलेलं नाही. ‘आपल्या सोसायटीत’ म्हटलं की ती त्यांचीही झाली, तीही न मागता. ‘आपल्या’ची आणखी एक गंमत अशी, की ‘आपण’ हे आदराने ‘तुम्ही’ म्हणायलाही वापरतात. ‘आपलं नाव काय?’ म्हणजे तुमचं नाव काय. त्यामुळे ‘आपल्या इमारतीत’ यात आपल्या सगळ्यांच्या आणि तुमच्या स्वतःच्या, असे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहतात. मात्र पुढच्या शब्दात ‘आपले स्वागत’ लिहिलं की दोन ‘आपले’ एकमेकांवर आदळतात आणि बँकेच्या काउंटरवरच्या पाटीसारखं वाटू लागतं. ‘आपल्या इमारतीत तुमचं स्वागत’ हे बोलल्यासारखं लागतं. हार्दिक, सहर्ष, सभासदांतर्फे हे फ्लेक्सवरचे शब्द आहेत. नगरसेवकाच्या वाढदिवसाला ते शोभतात.

हे सगळं वगळल्यावर मेसेज छोटा होतो. सात नंबरला पाठवलेला मजकूर शेवटी असा होता:

‘नमस्कार. फ्लॅट नंबर ७ मध्ये कालपासून शेळके मंडळी राहायला आली आहेत. आपल्या इमारतीत तुमचं स्वागत.

टाकीची मोटर सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला लावतो. नळ येणार असतील त्याच्या आदल्या रात्री इथेच कळवतो. घंटागाडी साडेआठच्या सुमारास गेटसमोर येते. पिण्याच्या पाण्याचा जार लागत असेल तर जारवाल्याचा नंबर खाली देत आहे.

काही लागलं तर दोन नंबरची बेल वाजवा. सामान लावण्यात वेळ जाईल, उत्तराची घाई नाही.’

यात स्वागताची ओळ एकच आहे, बाकीचं पाणी आणि कचरा. मराठवाड्यातल्या गावात नवं घर लागतं ते पाण्याच्या वेळा पाठ झाल्यावर. नळ रोज येत नाहीत. आले तर कधी पहाटे येतात. बोअरचं पाणी वापरायला असतं, प्यायला वीस लिटरचा जार लागतो. हे कुणीतरी सांगेपर्यंत नवी बाई पहाटे साडेपाचला उठून कोरड्या नळाशी उभी राहते. ग्रुपवर याच्या सूचना आधी शंभर वेळा दिलेल्या असतात, पण नव्याने आलेल्याला जुने मेसेज सहसा दिसत नाहीत. म्हणून जुन्यांना पाठ असलेलं पुन्हा लिहावं लागतं. त्यांना त्याचा कंटाळा येतो आणि कुणीतरी ‘हे माहितीये की’ असं खाली टाकतंच.

‘दोन नंबरची बेल वाजवा’ हे ‘कधीही हाक मारा’ यापेक्षा उपयोगाचं आहे. कधीही म्हणजे कधी आणि कुणाला, हे नव्या माणसाला ठरवता येत नाही. दोन नंबर म्हटलं की एक दार मिळतं. अर्थात त्या दारामागच्या माणसाला आधी विचारलेलं असावं. न विचारता दुसऱ्याची बेल देऊन टाकणारे ॲडमिनही असतात, आणि मग दोन नंबरच्या आजी दुपारच्या झोपेतून उठून दार उघडतात ते चेहऱ्यावर स्वागत न घेताच.

शेवटच्या वाक्याने सगळ्यात मोठी अडचण सोडवली आहे. स्वागत झालं की आभार मानायचे, ही आपली रीत. ती पाळायला नव्या कुटुंबाला काय लिहायचं, किती लिहायचं, कोण लिहिणार, हे ठरवावं लागतं, आणि तोवर दोन निळ्या खुणा उमटलेल्या असतात. उत्तराची घाई नाही असं म्हटलं की ते ओझं उतरतं. काही कुटुंबं तरीही लगेच लिहितात. काही नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवतात. त्यात तुटकपणा शोधू नये. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाचा तो उठल्यावरचा नमस्कार असू शकतो.

वेळेचं तंत्र अवघड आहे. टेम्पो उतरताना मेसेज टाकला तर वाचायला कुणाला हात मोकळे नसतात, फोन कुठल्या पोत्यात गेला तेही सापडत नाही. रात्री दहानंतर टाकला तर मुलं झोपलेली असतात. सकाळी दहा-अकराची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. पण ज्या इमारतीत तिन्ही पाळ्यांची माणसं राहतात, तिथे सगळ्यांना सोयीची अशी वेळच नसते. कुणी ना कुणी झोपलेलं असतंच.

मेसेज चांगला लिहिला तरी पुढचा अर्धा तास हातात राहत नाही. एकाने ‘स्वागत आहे’ लिहिलं की दुसऱ्याला लिहावंसं वाटतं. तिसरा गुलाबाचं चित्र टाकतो. चौथा सकाळीच कुठून तरी आलेला उगवत्या सूर्याचा सुविचार पुढे ढकलतो आणि त्यावर ‘फॉरवर्डेड’ची खूण असते. पाचवा विचारतो, ‘बीडला कुठे? आमची मेव्हणी तिथलीच.’ मूळ मेसेजात नसलेलं बीड त्याला टेम्पोवाल्याकडून कळलेलं असतं. अर्ध्या तासात सात नंबरचा फोन पंचवीस वेळा वाजतो आणि घंटागाडीची वेळ त्या गुलाबांखाली कुठेतरी बुडून जाते. ॲडमिनच्या हातात इथे फार काही नाही. दुसऱ्याने काय टाकलं याला तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं. माणसं घेणं, काढणं आणि कुणी काही भलतं टाकलं तर ते पुसणं, एवढंच त्याला करता येतं. इथे भलतं काही नाही, फक्त जास्त आहे. जुन्या सदस्यांना आधीच सांगून ठेवलं की वेगळं लिहू नका, मेसेजवरच बोट दाबून अंगठा किंवा हात जोडलेले उमटवा, तर फोन कमी वाजतो आणि पाण्याच्या वेळा डोळ्यांसमोर राहतात. बीडच्या प्रश्नावर ॲडमिनने काही न बोलणं चांगलं. कुणी उत्तर दिलं नाही तर प्रश्न संध्याकाळपर्यंत आपोआप वर सरकून दिसेनासा होतो.

मेसेज कुठे चुकला हे कळायला थोडे दिवस जातात. कुणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना आता सगळ्यांना जात नाही, २०२२पासून ती फक्त ॲडमिनला जाते. पण बहुतेक जण सोडत नाहीत. आवाज बंद करतात. डीपीवरचा घरच्यांचा फोटो जातो आणि तिथे गणपती किंवा फुलं येतात. मग पाण्याची सूचना त्या घराला कधीच वेळेवर मिळत नाही आणि वॉचमनमार्फत विचारणा येऊ लागते. वॉचमनकडून सारखं विचारलं जाऊ लागलं, तर त्या घराने ग्रुप बंद करून ठेवला आहे असं समजायला हरकत नाही.

एक गोष्ट मेसेज करू शकत नाही, आणि त्याने ती करूही नये. सात नंबरला पहिल्या संध्याकाळी गॅस जोडलेला नव्हता. ग्रुपवर ‘चहाला आमच्याकडे या’ असं कुणी लिहिलं असतं तर ती आमंत्रणाची जाहिरात झाली असती, आणि गेलं नाही तर तीस जणांना कळलं असतं की गेले नाहीत. दोन नंबरच्या आजींनी थर्मास भरला, वर स्टीलचे चार पेले उपडे घातले, सातच्या दाराशी ठेवला आणि बेल वाजवून त्या गुडघ्यांना जपत खाली उतरू लागल्या. दार उघडलं तेव्हा त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, ‘थर्मास नंतर द्या ओ ताई, सावकाश.’ थर्मास तिसऱ्या दिवशी परत आला. रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यात मूठभर शेंगदाणे होते.

ग्रुपवर सात नंबरकडून चौथ्या दिवसापर्यंत काही आलं नाही. हात जोडलेले दोन तेवढे. पाचव्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला मेसेज आला, त्यात नमस्कार नव्हता आणि आभारही नव्हते:

‘आपली टाकी भरून वाहतेय. मोटर बंद करा कोणीतरी.’

खालून आवाज आला, चावी सापडत नाहीये. जिन्यात चपला वाजल्या. सात नंबरचा पाचवीतला मुलगा सगळ्यांच्या आधी खाली पोचला होता आणि मोटरचं बटण नेमकं कोणतं, हे वॉचमनला विचारत होता.